दाताचा हृदयाशी काय संबंध?

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीने विचारलं, "माझ्या अम्मीची हृदयाची झडप बदललेली आहे. दाढ काढायला नेलं तर दाताच्या डॉक्टरांनी आधी हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगितली. दुखणं दाताचं, मग हृदयाची चौकशी कशाला?" प्रश्न रास्त आहे. उत्तर देण्यापूर्वी एका आपांची हकीकत सांगते.

वय अडतीस. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्या संधिवाताच्या तापाने हृदयाची डावीकडची झडप खराब झाली. पुढे ती काढून धातूची झडप बसवली आणि रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी कायमची सुरू झाली. प्रकृती छान होती. फक्त एक दाढ किडून तिचं मूळ हिरडीत राहिलं होतं. "रक्त पातळ आहे, दाढ काढली तर रक्त थांबणार नाही," या भीतीने घरच्यांनी वर्षभर ते तसंच ठेवलं. हिरडीतून रक्त येई म्हणून ब्रशही सोडला आणि त्याजागी मिश्री आली.

मग रोज संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला. भूक गेली, वजन उतरलं. टायफॉइड समजून पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. ताप गेला आणि आठवड्याने परत आला. असं तीनदा झालं. सहाव्या आठवड्यात त्या आमच्याकडे आल्या, तेव्हा नखांखाली बारीक लालसर रेघा होत्या आणि बोटांच्या टोकांना दुखऱ्या गाठी होत्या. हा एन्डोकार्डायटिस होता, म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराला जंतूंची लागण.

दाढेतले जंतू तिथवर गेले कसे? आपल्या तोंडात व्हिरिडन्स स्ट्रेप्टोकॉकस नावाचे जंतू कायम असतात आणि तोंडात ते फारसा त्रास देत नाहीत. हिरडी सुजलेली असली की चावताना, ब्रश करताना त्यांतले काही रक्तात शिरतात. निरोगी माणसाचं शरीर त्यांना थोड्याच वेळात साफ करतं. निरोगी झडपेचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत असतो की त्यांना धरायला जागाच मिळत नाही.

खराब झडपेचं तसं नसतं. ती नीट उघडत किंवा मिटत नाही, त्यामुळे रक्ताची धार जोराने आदळून आतलं नाजूक अस्तर खरचटतं. खरचटलेल्या जागी शरीर आपल्या सवयीप्रमाणे खपली धरतं, म्हणजे प्लेटलेट पेशी आणि फायब्रिनचे धागे जमा होतात. कृत्रिम झडपेवर आणि तिच्या टाक्यांच्या कडेलाही असा थर बसतो. रक्तातून जाणारे जंतू याच खपलीला चिकटतात. ते चिकटले की त्यांच्यावर आणखी थर चढतो, आत जंतू वाढत राहतात आणि फुलकोबीसारखा लोंबता गोळा तयार होतो. या गोळ्याच्या आत रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे पांढऱ्या पेशी तिथे पोचत नाहीत आणि औषधही हळूहळूच झिरपतं. पाच दिवसांच्या गोळ्यांनी रक्तातले जंतू मरतात, ताप उतरतो, पण आतले जिवंत राहतात. आपांचा ताप म्हणूनच परत येत होता. गोळ्याचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर लकवा होतो, आणि झडप पोखरली गेली तर हृदय थकतं.

निदानासाठी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जागी टोचून तीनदा रक्त घेतात आणि त्यात जंतू वाढतात का ते पाहतात. याला ब्लड कल्चर म्हणतात. आपांच्या पहिल्या कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही, कारण आधीच्या गोळ्यांनी जंतू दबले होते. प्रकृती स्थिर होती म्हणून देखरेखीखाली औषध थांबवून काही दिवसांनी पुन्हा रक्त घेतलं, तेव्हा जंतू सापडले. अन्ननलिकेतून केलेल्या इकोमध्ये झडपेवरचा गोळा दिसला. मग सहा आठवडे शिरेतून पेनिसिलिन चाललं. त्याच मुक्कामात वॉरफरिनचा आयएनआर तपासून दाढेचं मूळ काढलं. टाका घालून, कापसाचा बोळा दाबून रक्त थांबलं. ज्या भीतीने वर्ष घालवलं, ते काम अर्ध्या तासाचं निघालं.

आता दाताच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीविषयी. कृत्रिम झडप असलेल्यांना, आधी एन्डोकार्डायटिस होऊन गेलेल्यांना आणि काही ठरावीक जन्मजात हृदयदोष असलेल्यांना दाढ काढण्याआधी किंवा हिरडीखालची सफाई करण्याआधी अर्धा ते एक तास अ‍ॅमॉक्सिसिलिनचा एकच डोस देतात. मोठ्यांसाठी तो 2 ग्रॅम असतो. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर दुसरं औषध देतात. नुसता एक्स-रे किंवा कवळीचं माप घेण्यासाठी डोस लागत नाही. 2007 पासून अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सूचनेत हा डोस झडपेच्या प्रत्येक रुग्णासाठी नाही, सर्वांत जास्त धोका असलेल्यांसाठीच आहे.

संधिवाताच्या तापासाठी दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेणारे बरेच जण समजतात की तेच पुरेसं आहे. तसं नाही. ते इंजेक्शन घशाच्या लागणीपासून वाचवतं. उलट ते कायम घेतल्याने तोंडातले जंतू पेनिसिलिनला सरावलेले असू शकतात, म्हणून अशा रुग्णाला दाताच्या वेळी वेगळ्या गटातलं औषध द्यावं लागतं. इंजेक्शन चालू आहे हे दाताच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पण डोस हा एका दिवसापुरता असतो. 2008 साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दात काढल्यावर 60 टक्के लोकांच्या रक्तात असे जंतू सापडले, अ‍ॅमॉक्सिसिलिन दिलेल्यांत 33 टक्के, आणि नुसता ब्रश केल्यावर 23 टक्के. दात आयुष्यात दोन-चारदा काढतो, ब्रश रोज करतो. याचा अर्थ ब्रश सोडा असा नाही. हिरडी निरोगी असेल तर ब्रशने रक्त येत नाही आणि जंतूंना वाटही मिळत नाही. म्हणून मऊ ब्रशने दिवसातून दोनदा दात घासा. रमजानमध्ये सहरीनंतर फजरआधी आणि रात्री झोपण्यापूर्वी ही वेळ सोयीची आहे. मिस्वाक वापरत असाल तर टोक भिजवून मऊ करा, हिरडीला टोचू देऊ नका. मिश्री मात्र हिरड्या बिघडवते, ती बंदच करा. दर सहा महिन्यांनी दात दाखवा, दुखत नसले तरी. आणि वॉरफरिन स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका. ती थांबली तर धातूच्या झडपेवर गाठ धरते.

तेव्हा भगिनी, तुमच्या दाताच्या डॉक्टरांनी योग्य तेच केलं. चिठ्ठी घ्या, पण दाढ लांबवू नका. आणि अम्मीला सर्दी-खोकल्यासारखं कारण न दिसता ताप आला, तर अँटिबायोटिकची पहिली गोळी देण्याआधी डॉक्टरांना एवढंच सांगा, "यांची झडप बदललेली आहे, आधी ब्लड कल्चर घ्यायचं का?" आपांच्या घरात हे वाक्य पहिल्या आठवड्यात कुणी बोललं असतं, तर पुढचे पाच आठवडे वाया गेले नसते.