विश्लेषण : जांभ्याच्या विहिरीला ‘आरओ’ कशाला? घरचा जलशुद्धीकरण संच निवडण्यापूर्वी पाणी ओळखा

मुंबई-गोवा महामार्गावरून कोल्हापूरचा रस्ता जिथे फुटतो, त्या रत्नागिरी तालुक्यातील पाली आणि आसपासच्या गावांत पावसाळा तोंडावर आला की जलशुद्धीकरण संच विकणारे प्रतिनिधी दारोदार फिरू लागतात. बहुतेकांच्या हातात ‘आरओ’चे माहितीपत्रक असते. दहा-पंधरा हजारांचा हा संच मुंबईच्या नातेवाईकांकडे पाहिलेला असतो, त्यामुळे तोच चांगला, असे घरोघरी धरून चालले जाते. प्रश्न असा की, पालीच्या विहिरीतल्या पाण्यात नेमका दोष कोणता आहे आणि आरओ तो दूर करतो का?

पालीचे पाणी कसे आहे?

या पट्ट्यात वर जांभा आणि त्याखाली काळा कातळ, अशी जमिनीची रचना आहे. जांभा सच्छिद्र असतो. त्यातील क्षार हजारो वर्षांच्या मुसळधार पावसाने केव्हाच धुऊन नेले आहेत. त्यामुळे जांभ्यातल्या उघड्या विहिरीचे आणि झऱ्याचे पाणी हलके असते. डाळ लवकर शिजते, साबणाला फेस येतो, भांड्यावर पांढरा थर धरत नाही. अशा पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, म्हणजे टीडीएस, बहुधा लिटरला शंभर-दीडशे मिलिग्रॅमच्या आतच राहते. बोअरवेल खालच्या कातळात उतरलेली असेल, तर हा आकडा वाढतो. पण किनाऱ्यापासून आत असलेल्या गावांत तोही सहसा ५०० च्या खाली असतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने (आयएस १०५००) ठरवलेली स्वीकारार्ह मर्यादा हीच, ५०० मिलिग्रॅमची आहे.

मग दोष कुठे आहे? तो याच सच्छिद्रपणात आहे. जांभ्यातल्या भेगा आणि पोकळ्यांतून पावसाचे पाणी झपाट्याने खाली उतरते. मातीतून हळूहळू झिरपताना जे गाळले गेले असते, ते इथे गाळलेच जात नाही. विहिरीच्या वरच्या अंगाला शौचालयाचा शोषखड्डा किंवा गोठा असेल, तर पहिल्या दोन-तीन जोरदार सरींनंतर त्यातील जंतू विहिरीत पोहोचू शकतात. शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर दूर असावा, असा सर्वसाधारण नियम सांगितला जातो. मात्र भेगाळ जांभ्यात एवढे अंतरही पुरेल याची खात्री नसते. त्याच दिवसांत पाणी लालसर आणि गढूळ होते. काही बोअरवेलच्या पाण्यात लोहही असते.

थोडक्यात, इथली अडचण क्षारांची नाही. ती जंतूंची, गाळाची आणि काही ठिकाणी लोहाची आहे.

विक्रेत्याच्या पेल्यात पाणी तपकिरी का होते?

दारात होणारे एक प्रात्यक्षिक अनेकांनी पाहिले असेल. दोन पेले घेतात, एकात घरचे पाणी आणि दुसऱ्यात आरओचे. विजेवर चालणाऱ्या उपकरणाच्या धातूच्या कांड्या दोन्हींत बुडवतात. मिनिटभरात घरच्या पाण्यात तपकिरी-हिरवट गाळ साचतो, आरओचे पाणी स्वच्छ राहते. घरातली माणसे हादरतात आणि तिथेच पावती फाटते.

तो गाळ पाण्यातला नसतो, कांडीचा असतो. पाण्यात थोडे क्षार असले की वीज वाहते, लोखंडी कांडी झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे वीजही फारशी वाहत नाही. पडताळणी सोपी आहे. त्या ‘शुद्ध’ पेल्यात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा कांड्या बुडवायला सांगावे. तोही पेला तसाच तपकिरी होतो. या प्रयोगाचा जंतूंशी काडीचा संबंध नाही.

टीडीएस मीटरचेही तसेच आहे. काहीशे रुपयांचा हा मीटर उपयोगी आहे, कारण आरओ लागणार की नाही हे तो सांगतो. पण जंतू त्याला दिसत नाहीत. टीडीएस ६० दाखवणाऱ्या नितळ पाण्यातही कावीळ किंवा गॅस्ट्रोचे जंतू असू शकतात.

जंतूंसाठी वेगळी तपासणी लागते. ग्रामपंचायतीकडील क्षेत्रीय तपासणी संचात एक छोटी बाटली असते. तीत पाणी भरून कोमट जागी ठेवले आणि एक-दोन दिवसांत ते काळे पडले, तर पाण्यात विष्ठेतून आलेले जंतू असण्याची शक्यता मोठी. नेमका अहवाल भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून मिळतो. नमुन्यासाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली घ्यावी, तिच्या तोंडाला आतून बोट लावू नये आणि ती थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी. शंभर मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जंतू एकही नसावा, असे मानक सांगते.

आरओने बिघडते काय?

आरओमध्ये पाणी दाबाने अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलतात. क्षार मागे राहतात, त्यांच्याबरोबर जंतूही. पण मागे राहिलेले पाणी टाकून द्यावे लागते. साध्या घरगुती संचात एक लिटर पाणी मिळवताना सुमारे तीन लिटर वाया जाते. पाच माणसांच्या घरात पिण्या-रांधण्यासाठी दिवसाला २० लिटर पाणी लागते असे धरले, तर रोज ६० लिटर मोरीत जाईल, महिन्याला १८०० लिटर. पावसाळ्यात कुणी याचा हिशेब करणार नाही. पण एप्रिल-मेमध्ये विहीर तळ गाठते आणि वाडीत टँकरची वाट पाहिली जाते, तेव्हा हे पाणी परवडणारे नाही.

दुसरी गोष्ट, ८० टीडीएसचे पाणी आरओतून गेले की दहाच्या आसपास येते. चव सपक लागते. मग तंत्रज्ञ ‘टीडीएस कंट्रोलर’ची चावी फिरवून न गाळलेले थोडे पाणी पुन्हा त्यात मिसळतो. म्हणजे क्षार काढायला पैसे द्यायचे आणि तेच क्षार परत घालून घ्यायचे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये टीडीएस ५०० पेक्षा कमी असलेल्या पाण्यासाठी आरओ वापरण्यावर बंदी घालण्याचे निर्देश केंद्राला दिले होते, ते याच नासाडीमुळे.

यूव्ही की विनाविजेचा?

यूव्ही संचात पाणी अतिनील दिव्यासमोरून जाते. त्या किरणांनी जिवाणू आणि विषाणू दोन्ही निकामी होतात, पाणी वाया जात नाही आणि चवही बदलत नाही. जांभ्याच्या हलक्या पाण्याला हा उपाय जुळतो, पण एका अटीवर. पाणी नितळ हवे. गढूळ पाण्यात मातीच्या कणाआड लपलेल्या जंतूपर्यंत किरण पोहोचत नाहीत. लोह असेल तर दिव्याभोवतीच्या काचेच्या नळीवर तांबूस थर बसतो आणि किरण अडतात. दिवा पेटलेला दिसतो, म्हणून तो काम करतो असे मानू नये. वर्षभरात त्याची जंतू मारण्याची ताकद घटते, निळसर उजेड मात्र तसाच राहतो. त्यामुळे दिवा जळेपर्यंत वाट न पाहता कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलावा.

आणि वीज? कोकणात पहिल्या वादळी पावसात झाड तारेवर पडले की दिवसदिवस वीज नसते. पाणी सर्वांत वाईट असते ते नेमके त्याच आठवड्यात.

इथे वरच्या टाकीतून खालच्या टाकीत आपोआप गळणारा, विनाविजेचा संच कामी येतो. त्याच्याही जाती आहेत. नुसती सिरॅमिकची कांडी असलेला जुना फिल्टर गाळ आणि बरेचसे जिवाणू अडवतो, विषाणू नाही. पोकळ तंतूंचा ‘यूएफ’ पडदा जिवाणू चांगले अडवतो. विषाणूंबाबत मात्र सगळे पडदे सारखे नसतात, आणि ‘अ’ व ‘ई’ प्रकारची कावीळ विषाणूंमुळेच होते. काही संचांत क्लोरीनची कांडी असते. ती विषाणूही मारते, पण गढूळ पाण्यात क्लोरीन मातीवरच खर्च होते. खरेदी करताना वेष्टनावर ‘विषाणू’ हा शब्द आहे का, हे वाचून घ्यावे. नसेल, तर साथीच्या दिवसांत गाळलेले पाणी खळखळून उकळणे आलेच.

एका घराचा हिशेब

उदाहरणादाखल पालीच्या एखाद्या वाडीतले घर घ्या. परसात चिऱ्यांनी बांधलेली विहीर, वरच्या अंगाला १२ मीटरवर शोषखड्डा. मीटरवर टीडीएस ८०. बाटली जुलैमध्ये काळी पडली. विहिरीचे पाणी पावसाळ्यात लालसर होते, पण रात्रभर हंड्यात ठेवले की गाळ तळाशी बसतो.

टीडीएस पाहताच आरओ बाद. पाणी आधी निवळून किंवा गाळाच्या साध्या फिल्टरमधून घेऊन यूव्हीला दिले, तर वर्षातील बहुतेक दिवस भागेल. वीज नसतानासाठी विषाणू अडवणारा विनाविजेचा संच हवा. दोन्ही परवडत नसतील, तर दुसराच घ्यावा, कारण तो कधी बंद पडत नाही. शिवाय विहिरीतही टीसीएल टाकावी लागेल. व्यास ३ मीटर आणि पाणी २ मीटर खोल असेल, तर विहिरीत सुमारे १४ हजार लिटर पाणी होते. हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने ताजी पावडर ३५ ग्रॅम लागते. ती बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरचे पाणी विहिरीत ओतून ढवळावे. तासाभराने ओटी चाचणीत पाणी पिवळसर दिसले, तर मात्रा पुरली. दिसले नाही, तर आणखी टाकावी.

एक मेख लक्षात ठेवावी. बहुतेक संचांतला कार्बन हे क्लोरीन शोषून घेतो. चव सुधारते, पण गाळलेल्या पाण्याला संरक्षण उरत नाही. ते टाकीत दोन-तीन दिवस तसेच ठेवू नये.

मग आरओ कुणासाठी?

खाडीकाठच्या आणि समुद्रालगतच्या विहिरींत उन्हाळ्यात खारे पाणी शिरते. तिथे मीटर हजाराच्या पुढे गेला आणि गोड्या पाण्याचा दुसरा स्रोत नसेल, तर आरओला पर्याय नाही, कारण यूव्ही किंवा विनाविजेचा संच क्षार काढत नाही. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तेच, आणि चंद्रपूर-यवतमाळच्या फ्लोराइडयुक्त बोअरवेललाही तेच लागू. खाडीकाठी पावसाळ्यात विहीर पुन्हा गोडी होते, म्हणून मीटर मे महिन्यात एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा लावून पाहावा. आरओतून वाया जाणारे पाणी भांड्यात धरून लादी पुसायला किंवा शौचालयात वापरता येते. झाडांना मात्र ते घालू नये, त्यात विहिरीपेक्षा जास्त मीठ असते.