भिंतीवरच्या रेघा

कड्यातील आमच्या जुन्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशेजारी कोळशाच्या रेघा असत. दुधाचा रतीब त्या रेघांनी मोजला जाई आणि महिनाअखेर हिशोब चुकता झाला की आई ओल्या फडक्याने त्या पुसून टाकी. पण एका भाद्रपदात त्यांच्या शेजारी रेघांची आणखी एक ओळ उमटली. वडील कापडाच्या खरेदीसाठी मुंबईस गेले होते. पंधरा दिवसांत येतो असे सांगून गेलेला माणूस महिना उलटला तरी आला नव्हता, पत्रही नव्हते. शेजारच्या काकींनी विचारले तेव्हा आई इतकेच म्हणाली, "वाट पाहून डोळे शिणले." पुढे वडील सुखरूप परतले. परंतु वाणिज्य शाखेचा विद्यार्थी झाल्यावर मला त्या वाक्याची गंमत वाटू लागली. हे तर प्रत्येक ओवीत, प्रत्येक गाण्यात येणारे ठरीव वाक्य! आईला स्वतःचे असे काही म्हणता आले नसते काय?

या प्रश्नाचे उत्तर मला सेवानिवृत्तीनंतर, आपल्याच महाराष्ट्राच्या एका प्राचीन ग्रंथात सापडले. आपल्या भागापासून फारशा दूर नसलेल्या पैठणला, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठानला, सातवाहनांची राजधानी होती. त्या वंशातील हाल राजाच्या नावावर 'गाथासप्तशती' हा महाराष्ट्री प्राकृतातील संग्रह आहे. त्यात सुमारे सातशे गाथा असून प्रत्येक गाथा केवळ दोन ओळींची आहे. त्यांतील कितीतरी गाथांत एकच व्यक्ती पुनःपुन्हा भेटते, ती म्हणजे प्रवासाला गेलेल्या पतीची वाट पाहणारी स्त्री. नाट्यशास्त्राने नायिकेच्या ज्या आठ अवस्था सांगितल्या आहेत त्यांत हिचे नाव प्रोषितभर्तृका असे आहे. तिची लक्षणेही ठरलेली आहेत. ती कृश झालेली असते, तिने केसांचा शृंगार सोडून एकच वेणी ठेवलेली असते, तिच्या हातातली कांकणे सैल झालेली असतात आणि ती दिवस मोजीत असते.

हा साचा कवींच्या मनातून निघाला नाही, रस्त्यावरून निघाला. पावसाळ्यात नद्यांना पूर येत, वाटा चिखलात बुडत, व्यापाऱ्यांचे तांडे थांबत. म्हणून प्रवाशाने पाऊस सुरू होण्यापूर्वी घर गाठावे ही व्यवहाराची रीत होती. आपले साधुसंत आषाढ ते कार्तिक एके ठिकाणी स्थिरावतात, त्याच चार महिन्यांत गृहस्थानेही घरी असावे अशी अपेक्षा असे. त्यामुळे काळा ढग दिसणे याचा अर्थ मुदत संपली असा होई. ढग पाहून विरहिणी व्याकूळ होते हा काव्यसंकेत आपणास कृत्रिम वाटतो. परंतु त्या काळच्या घरी तो देय तारखेच्या सूचनेइतकाच स्पष्ट होता. पती ठरवून गेलेल्या मुदतीला प्राकृतात 'ओहि' म्हणतात. संस्कृतातील 'अवधि' तो हाच.

आता त्यातले फक्त दिवस मोजणे घेऊ, कारण संकेत कसा काम करतो हे तेथे नीट दिसते.

सप्तशतीतील एका गाथेत स्त्री भिंतीवर रेघ ओढते आणि स्वतःशी म्हणते की, तो आज गेला. पुन्हा रेघ ओढते, पुन्हा तेच म्हणते. अशा रीतीने पहिल्या दिवसाचा निम्मा भाग सरण्यापूर्वीच सारी भिंत रेघांनी भरून जाते. वाचकाला रीत ठाऊक आहे की एका दिवसाला एक रेघ. ती ठाऊक नसती तर ही स्त्री वेडी वाटली असती. रीत ठाऊक असल्यामुळेच ती मोडलेली दिसते, आणि विरहाचा अर्धा दिवस किती लांबला हे कवीला एका शब्दानेही सांगावे लागत नाही.

दुसऱ्या एका गाथेत भिंत तीच, रेघाही त्याच. येथे मात्र स्त्री प्रामाणिकपणे रोज एक रेघ ओढते आहे. मुदतीचा दिवस जवळ येतो आहे आणि पतीचा पत्ता नाही. तो दिवस रिकामा गेला तर हिचे काय होईल या भीतीने तिच्या मैत्रिणी गुपचूप दोन-तीन रेघा पुसून टाकतात. मी बँकेत छत्तीस वर्षे काढली. थकीत खाते मुदतीत दिसावे म्हणून केलेली खाडाखोड मी कधी खपवून घेतली नाही. पण ही खोटी नोंद मी आनंदाने मंजूर केली असती! येथे नायिकेच्या दुःखाविषयी कवी काहीच बोलत नाही. दुःख दिसते ते मैत्रिणींच्या बोटांतून.

तिसरे उदाहरण कालिदासाच्या 'मेघदूता'चे. शाप मिळालेला यक्ष एका वर्षासाठी अलकेहून दूर रामगिरीवर राहतो. वा. वि. मिराशी यांनी हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक असे साधार प्रतिपादन केले आहे. आषाढात त्याला मेघ दिसतो, आणि आपले चार महिने उरले आहेत, कार्तिकी एकादशीला विष्णू शेषशय्येवरून उठतील तेव्हा शाप संपेल, असा हिशोब तो सांगतो. हा हिशोब जुन्या टीकाकारांनीही तपासला आहे. आषाढ शुद्ध प्रतिपदेपासून मोजले तर चार महिन्यांवर दहा दिवस उरतात. म्हणून वल्लभदेवाने 'प्रथम' दिवसाऐवजी 'प्रशम', म्हणजे महिना संपतानाचा दिवस, असा पाठ घेतला. मल्लिनाथाने 'प्रथम' हाच पाठ ठेवला. दिवसांची मोजदाद या काव्याच्या किती गाभ्याशी आहे हे त्या वादावरून कळते.

यक्ष मेघाला पत्नीची ओळख सांगतो. ती उंबरठ्यावर फुले मांडून उरलेले महिने मोजीत असेल. माझे चित्र काढीत असेल. वीणा घेऊन माझ्या नावाचे गाणे म्हणू लागेल आणि आपणच बांधलेली सुरावट विसरून जाईल. हे सारे वाचताना एक गोष्ट सहज निसटते. यक्षाने तिला आठ महिन्यांत पाहिलेलेच नाही! मग ती काय करीत असेल हे त्याला कोठून कळले? विरहिणी काय करते हे सर्वांनाच ठाऊक आहे, म्हणून कळले. साच्यातून तो तिचे चित्र काढतो आणि ते चित्र खरे मानून त्यावर जगतो. कृशतेचे लक्षणही तिच्या आधी त्याच्याच अंगावर दिसते, कारण मनगटावरचे सोन्याचे कडे गळून पडले आहे ते यक्षाचे. संकेत येथे भावनेला खोटे ठरवीत नाही, दूर असलेल्या माणसाला घरातले काहीतरी दाखवतो. मात्र त्याची मर्यादाही येथेच दिसते. ती स्त्री खरोखर काय करीत होती हे काव्यात कोठेच येत नाही. कदाचित ती घराचा हिशोब पाहत असेल. साचा वाट पाहणारीला जागा देतो, पण तिला वाट पाहण्यापलीकडे काही करू देत नाही.

तो साचा आतून उघडला आपल्या परंपरेतील राजीमतीने. कथा आपणा सर्वांस ज्ञात आहे. विवाहासाठी आलेले नेमिनाथ मेजवानीसाठी कोंडलेले पशू पाहून परत फिरले आणि गिरनारवर गेले. वधूवेशातील राजुल मागे राहिली. जैन कवींनी तिच्यासाठी वेगळी भाषा शोधली नाही, विरहिणीचाच साचा घेतला. विक्रम कवीच्या 'नेमिदूता'त मेघदूताच्या श्लोकांचे शेवटचे चरण घेऊन तिचा विलाप रचला आहे. त्याहून मला जवळची वाटते ती तेराव्या शतकाच्या सुमारास विनयचंद्रसूरींनी रचलेली 'नेमिनाथ चतुष्पदिका'. ती बारमासा पद्धतीची आहे. श्रावणापासून एकेक महिना येतो, राजुल आपली व्यथा सांगते आणि सखी तिला समजावते की तो गेला तर जाऊ दे, दुसरा वर पाहा. राजुल प्रत्येक वेळी नाकारते.

येथेही मोजणीच आहे, पण तिला मुदत नाही. नेमिनाथ कोणताही 'ओहि' सांगून गेलेले नाहीत. हालाच्या गाथेतील सख्या रेघा पुसून मुदत लांबवीत होत्या. या सखीजवळ पुसण्यासारखे काही नाही, म्हणून ती खातेच बंद करायला सांगते. महिने सरत जातात, ऋतू सारे संकेत घेऊन येतात, आणि हळूहळू वाचकाच्या लक्षात येते की ही प्रतीक्षा पतीच्या परतण्याने संपणार नाही. ती संपते राजुलच्या जाण्याने. ती स्वतः गिरनारची वाट धरते आणि दीक्षा घेते. प्रवासाला निघालेली विरहिणी हा त्या साच्यात न बसणारा प्रकार आहे. पण साचा बारा महिने पाळल्यामुळेच त्या पावलाचे वजन कळते.

उत्तराध्ययन सूत्रातील बाविसाव्या अध्ययनात तर मेघही येतो. रैवतकावर जाताना राजीमती पावसात भिजते, गुहेचा आसरा घेते, आणि तेथे असलेल्या रथनेमीचे मन चळते. शृंगारकाव्यात अशा पावसानंतर काय घडते ते ठरलेले आहे. येथे ती त्याला कठोर शब्दांत भानावर आणते, आणि अंकुशाने हत्ती वळावा तसा तो संयमाकडे वळतो.

आता आईच्या वाक्याकडे येतो. ते उसने होते हे खरे. पण काकींच्या प्रश्नाला तिला चारचौघांत, सासऱ्यांच्या ऐकण्यात उत्तर द्यायचे होते. भीती वाटते, काही बरेवाईट झाले असेल काय, असे उघड बोलणे त्या घरात शक्य नव्हते. शेकडो वर्षे वापरून गुळगुळीत झालेल्या त्या वाक्यात तिला ते सारे ठेवता आले, आणि काकींनाही ते बरोबर कळले. कारण त्या संध्याकाळी काकी आमच्याकडेच जेवायला थांबल्या, आणि नंतर आठवडाभर रोज येत राहिल्या.

वडील आले त्या रात्री आईने रेघा पुसल्या. दुधाच्या मात्र तशाच ठेवल्या, कारण महिना संपायला अजून चार दिवस होते.