खुनी कोण, हे पत्रात सांगू नये

मराठीत हस्तलिखित थेट प्रकाशकाकडे जाते. अमेरिकेत मोठ्या प्रकाशनसंस्थेचे दार बहुधा साहित्यिक एजंटामार्फतच उघडते. त्या एजंटाला नवा कादंबरीकार जे एका पानाचे विचारणापत्र धाडतो, त्याला आम्ही एक स्वतंत्र लेखनप्रकार मानतो. रहस्यकथेच्या बाबतीत तर त्यात लेखकाची खरी कसोटी लागते.

उदाहरण कल्पित घेऊ. 'मेन राज्यातील एका बेटावर खून होतो आणि अनेक गुपिते उघडकीस येतात,' असे नवोदित लेखक लिहितो. हे वाक्य शंभर कादंबऱ्यांना लागू पडेल. आता हे पाहा: 'बेटावरच्या एका वृद्धेचा मृतदेह सापडतो. जूनमधील नोंदणीकृत पत्रावर तिची सही आहे, म्हणजे तोवर ती जिवंत होती, असे पोलीस धरून चालतात. संशय जातो तो जूनमध्येच बेटावर आलेल्या तरुणावर. त्याची बहीण नोरा ही तिथली टपालवाली. दुसरा हेलपाटा वाचावा म्हणून ती सही नोरानेच केली होती. खरे सांगितले तर भाऊ सुटेल, पण तिची नोकरी जाईल आणि तिच्यावर खटला होईल.' येथे पात्र आहे, पेच आहे, आणि गप्प राहण्याची किंमतही आहे. खुनी मात्र पडद्याआडच आहे.

पुष्कळ नवोदित येथेच चुकतात. काही जण शेवट सांगून टाकतात. काही जण इतके लपवतात की नोराची सहीसुद्धा गुपित ठेवतात, आणि मग पत्रात उरते ते केवळ धुके. आमच्या मते कसोटी सोपी आहे: कथेच्या पहिल्या तृतीयांशात वाचकाला जे कळणार, ते पत्रात सांगावे. उकल सारांशात द्यावी. एजंटाने सारांश मागवला, तर त्यात मात्र खुन्याचे नाव लपवू नये. उत्तर प्रामाणिक आहे की नाही, हे तो तिथेच तपासतो.

मग एक कोरडा परिच्छेद: कादंबरी पूर्ण असल्याचे विधान, उपप्रकार, शब्दसंख्या (७० ते ९० हजार सामान्यतः चालते) आणि अलीकडच्या चार-पाच वर्षांतील दोन तुलनीय पुस्तके. तुलनेसाठी अगाथा ख्रिस्तीचे नाव घेऊ नये. आजचा वाचक कोणता, हे त्यातून कळत नाही. 'ही माझी पहिलीच कादंबरी, सांभाळून घ्यावे' हा आपल्या मनोगतातला विनय तेथे निरुपयोगी ठरतो. लेखक खरोखरच टपालखात्यात असेल, तर ते एक वाक्य पुरे.

आणि वाचनासाठी आगाऊ शुल्क मागणाऱ्या एजंटाला पत्रच धाडू नये. एजंटाची मिळकत म्हणजे पुस्तक विकले गेल्यावर लेखकाच्या उत्पन्नातील, देशांतर्गत व्यवहारात साधारण १५ टक्के. पुस्तक विकण्याआधीच जो कमावतो, त्याला ते विकण्याची निकड कशी असणार?