बाटलीतील साखर आणि लेबलावरील टक्के

शीतपेयाच्या बाटलीवर साखरेचा आकडा छापलेला असतो, तो लपविलेला नसतो. तरीही बाटली रिकामी करणाऱ्याला आपण किती साखर प्यायलो हे क्वचितच उमगते. याचे कारण आकड्याच्या खोटेपणात नसून त्याच्या मापात आहे.

उदाहरणार्थ, ६०० मिलिलिटरची एखादी कोलाची बाटली घ्यावी. तिच्या लेबलावर दर १०० मिलिलिटरमागे १०.६ ग्रॅम साखर असा उल्लेख आहे असे समजू. शंभराच्या मापातला आकडा असल्याने त्याचे टक्केवारीत रूपांतर करण्यास काही करावे लागत नाही : १०.६ टक्के. मात्र ही टक्केवारी वजनाची आकारमानाशी आहे, वजनाची वजनाशी नव्हे. साखर विरघळलेले पाणी साध्या पाण्याहून जड असते. या पेयाचे १०० मिलिलिटर सुमारे १०३.९ ग्रॅम भरतात. म्हणून वजनाच्या हिशेबाने तेच पेय १०.२ टक्के साखरेचे ठरते. दोन्ही आकडे खरेच आहेत. घोटाळा होतो तो वजनाची टक्केवारी थेट मिलिलिटरना लावल्याने. तसे केल्यास ६०० मिलिलिटरना ६१.२ ग्रॅम येतात आणि जवळजवळ अडीच ग्रॅम साखर हिशेबातून गळते. खरा हिशेब सोपा आहे. बाटलीत शंभराची सहा मापे, १०.६ ला ६ ने गुणले की ६३.६ ग्रॅम. चहाच्या चमच्यात पाच ग्रॅम धरले तर जवळजवळ तेरा चमचे!

घरच्या कपात तेरा चमचे कोणी घालणार नाही. पण ही बेरीज लेबलावर आयती मिळेलच असे नाही. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार दिवसाची ५० ग्रॅम जोडसाखर हे प्रमाण मानून एका 'सर्व्हिंग'चा त्यातील हिस्सा टक्क्यांत द्यावा लागतो. सर्व्हिंग २०० मिलिलिटरचे धरले की साखर २१.२ ग्रॅम, म्हणजे ४२ टक्के. आता या ४२ टक्क्यांचा पेयातील १०.६ टक्क्यांशी काही संबंध नाही; एक पेयाच्या गोडीचा, दुसरा माणसाच्या दिवसाच्या वाट्याचा. दोन्ही एकाच चौकटीत बसल्याने सामान्य ग्राहकाने कोणता वाचावा? तो बहुधा ४२ वाचतो आणि निम्मा दिवस शिल्लक आहे असे समजून निर्धास्त होतो. पूर्ण बाटलीचा हिस्सा मात्र १२७ टक्के आहे. (फळांच्या रसात हा हिशेब जपून करावा; तेथील एकूण साखरेत फळाची स्वतःची साखरही मिसळलेली असते.)

बाटलीचे बूच एकदा उघडले की पेयातील वायू उडू लागतो. तीन बैठकींत ती पिणारा विरळाच. म्हणून एकट्याने संपविण्याजोग्या प्रत्येक बाटलीवर, किमतीइतक्याच ठळक अक्षरांत, एकच आकडा असावा : या बाटलीत साखर ६३.६ ग्रॅम. त्यासाठी कारखानदाराला ना नवे यंत्र लागते, ना नवी चाचणी; एक गुणाकार पुरेसा आहे.