तान्ह्या बाळाचे पहिले विमान



पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी मंडणगडला आलेली आमच्या परिचयातील एक लेक, पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन नुकतीच लंडनला परतली. निघण्यापूर्वी तिच्या आईने एकच प्रश्न विचारला, “दहा तासांचा प्रवास, बाळाला दूध किती घ्यायचे?” परंतु प्रवास दहा तासांचा नव्हताच. दुपारी तीनला मंडणगड सोडायचे, म्हाप्रळ-आंबेतमार्गे महामार्गाला लागून रात्री मुंबईचा विमानतळ गाठायचा, मध्यरात्रीनंतर विमानात बसायचे आणि उतरल्यावर पुन्हा घर गाठायचे. एकूण तेवीस तास भरले. बाळासोबतच्या विमानप्रवासाचा हिशेब नेहमी उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत करावा.

बाळ दर तीन तासांनी दूध घेई, म्हणजे आठ वेळा. त्यांपैकी चार वेळा आईचे दूध, चार वेळा पावडरीचे. विमानास उशीर होईल या विचाराने आणखी दोन वेळांची सोय धरून तिने पावडर मोजून सहा लहान कोरड्या डब्यांत भरली. दूध मात्र आधी कालवून ठेवले नाही. कारण तयार केलेले पावडरीचे दूध बाहेरच्या हवेत दोन तासांहून अधिक ठेवू नये आणि बाळाने उष्टे केलेले तर पुन्हा देऊच नये. उकळलेले पाणी तिने थर्मासमध्ये घेतले. आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुतेक विमानतळांवर हातातील सामानात शंभर मिलिलिटरहून मोठ्या बाटलीतील द्रव नेता येत नाही. मात्र बाळ सोबत असल्यास प्रवासापुरते त्याचे दूध व अन्न यांना सवलत असते. या वस्तू वेगळ्या पिशवीत ठेवून तपासणीच्या वेळी आपण होऊन पुढे कराव्यात. पाण्याबद्दल अधिकाऱ्याने हरकत घेतली तर वाद घालू नये. तपासणीनंतर आतल्या उपाहारगृहात गरम पाणी मागून घेता येते.

वरचे अन्न सुरू झालेल्या बाळासाठी विमानात मिळणाऱ्या तयार बाटल्यांवर विसंबू नये. त्यांत कधी कधी मांसाचे प्रकारही असतात. वेष्टन वाचल्याशिवाय झाकण उघडू नये. घरचे नाचणीसत्त्व किंवा तांदळाची पेज यांची पूड नेणे अधिक निर्धास्त.

आता पाळण्याविषयी. विमानातील पाळणा, म्हणजे बॅसिनेट, कक्षाच्या पुढील भिंतीला अडकवतात. म्हणून तो त्या भिंतीसमोरच्या मोजक्या आसनांनाच मिळतो. आखाती देशांकडे जाणाऱ्या अनेक लहान विमानांत तो नसतोच. तिकीट काढताच कंपनीला दूरध्वनी करून पाळण्याची नोंद करावी आणि वजनाची मर्यादा विचारावी. ती बहुधा दहा-अकरा किलोंच्या आसपास असते, पण प्रत्येक कंपनीची निराळी. नोंद असूनही विमान बदलले तर पाळणा हुकू शकतो, यास्तव विमानतळावर लवकर पोहोचून पुन्हा खात्री करावी. उड्डाण, अवतरण आणि पट्टा बांधण्याची सूचना होईल त्या प्रत्येक वेळी झोपलेल्या बाळालाही उचलून मांडीवर घ्यावे लागते, त्याचा छोटा पट्टा आपल्या पट्ट्यात अडकवावा लागतो. या लेकीला रात्रीत तीनदा तसे करावे लागले. त्या आसनांपुढे पिशवी ठेवायला जागा नसते. उड्डाणाच्या वेळी ती वर ठेवावी लागते. म्हणून एक वेळचे दूध व एक लंगोट हाताशी वेगळे ठेवावे.

विमान उतरू लागले की कानांवर दाब येतो आणि बाळ कळवळून रडते. गिळण्याच्या क्रियेने तो दाब सुटतो. उतरण्यास साधारण अर्धा तास असताना बाळाला जागे करून दूध पाजावे. त्याआधीच पोट भरलेले असेल तर ते तोंड लावत नाही.

शेवटी बाबागाडी. बहुतेक कंपन्या ती विमानाच्या दारापर्यंत नेऊ देतात. तेथे घडी घालून, खूणचिठ्ठी लावून ती सामानकक्षात जाते. ती दारातच परत मिळेल की सामानाच्या पट्ट्यावर, हे चिठ्ठी लावतानाच विचारावे. मध्ये विमान बदलायचे असल्यास तर अवश्य. सुटे भाग काढून पिशवीत ठेवावेत आणि गाडी सोपवण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे. या लेकीच्या गाडीचे एक चाक वाकून आले. तिने बाहेर न पडता सामान-तक्रारीच्या खिडकीवर लेखी नोंद केली, छायाचित्र दाखवले. आंतरराष्ट्रीय करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत करावी लागते. घरी पोहोचून थकव्यात आठवडा गेला की हक्कही जातो.

तिच्या सहा डब्यांपैकी एक शिल्लक राहिला. मंडणगडच्या आजीला दूरध्वनीवर तिने पहिल्यांदा तेच सांगितले.