पारिभाषिक शब्दांना एकच नियम नको

२०२१-२२ पासून मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे पदवी शिक्षण सुरू झाले आणि जुना वाद पुन्हा पेटला. संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात संज्ञांचे भाषांतर करावे, लिप्यंतर करावे, की त्या इंग्रजीतच ठेवाव्यात? तिन्ही पक्षांचा दुराग्रह मात्र एकच आहे: संपूर्ण पुस्तकाला एकच नियम. तो विद्यार्थ्याला कोठे अडवतो, हे पायथॉनच्या दोन ओळींवरून दिसते.

```python
def f(n):
    return n * f(n - 1)
```

`f(5)` चालवल्यास फंक्शन स्वतःलाच बोलावत राहते. थांबण्याची अट नसल्यामुळे अखेर पडद्यावर `RecursionError: maximum recursion depth exceeded` असा संदेश उमटतो.

शुद्धतावादी येथे रिकर्शनला ‘पुनरावर्तन’ आणि इटरेशनला ‘पुनरावृत्ती’ म्हणू पाहतात. इटरेशनमध्ये तीच पायरी पुन्हा केली जाते. रिकर्शनमध्ये हातातले काम अपुरे ठेवून त्याच कामाचे लहान रूप हाती घेतले जाते. ज्या दोन पद्धतींतला भेद शिकवायचा, त्यांनाच जवळजवळ समानार्थी नावे देणे हे अध्यापन नव्हे. शिवाय पडद्यावरचा संदेश अनोळखी राहतो तो वेगळाच. येथे ‘रिकर्शन’च योग्य.

पण म्हणून सर्वत्र लिप्यंतर करावे काय? वरील प्रोग्रॅम थांबतो, कारण प्रत्येक अपुरे काम स्टॅकवर रचले जाते आणि पायथॉन अशा थरांना मर्यादा घालतो. ती सामान्यतः १००० असते. ‘स्टॅक’ हा शब्द यातले काहीच सांगत नाही. ‘चळत’ म्हणताच नाण्यांची चळत डोळ्यांपुढे येते: शेवटी ठेवलेले नाणे प्रथम उचलायचे. शेवटी बोलावलेले फंक्शनही प्रथम पूर्ण होते. निम्मी व्याख्या शब्दातच सामावते. उलट, प्रोसेसरजवळच्या वेगवान स्मृतीला ‘कॅश’ असे लिप्यंतर केले, की विद्यार्थ्याला दुकानातला कॅश मेमो आठवतो. रोमन लिपीत `cache` आणि `cash` वेगळे दिसतात, देवनागरीत तो भेदच पुसला जातो.

नोकरी इंग्रजीत मिळते, म्हणून सारे इंग्रजीतच ठेवा, हा युक्तिवादही अर्धवट आहे. `RecursionError` वाचता येणे आणि ते का आले हे समजणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

तेव्हा निकष शब्दागणिक लावावा. जे टंकले जाते किंवा पडद्यावर वाचले जाते, ते रोमन लिपीतच राहावे. मराठी शब्द कल्पना उघड करीत असेल, तर तो मुख्य मानून इंग्रजी रूप पहिल्या उल्लेखात एकदा द्यावे. तो दुसऱ्या संज्ञेशी गोंधळत असेल, तर लिप्यंतर करावे. आणि लिप्यंतरही गोंधळ घालत असेल, तर मूळ लेखन ठेवावे. वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाची तत्त्वेही आंतरराष्ट्रीय संज्ञा स्वीकारण्यास मोकळीक देतात. अडसर नियमांचा नाही. प्रत्येक शब्द वर्गात तपासून पाहण्याच्या आळसाचा आहे.