निवड झाली, फी भरा!

चंदगडमध्ये गटार-मोरीची कामं घेणाऱ्या एखाद्या छोट्या ठेकेदाराला मेल येतो: तुमची फर्म निवडली आहे, नोंदणी फी 10,000 रुपये आणि त्यावर जीएसटी 1,800, आजच भरा. हिशोब इतका चोख की खराच वाटावा! पण निविदाच भरली नाही, तर निवड कसली? राज्याच्या ई-निविदेचं खरं काम mahatenders.gov.in वर आयडीसह दिसतं. निविदा फी आणि बयाणा रक्कम सूचनेतच छापलेली असते, ती पोर्टलवरूनच भरायची, आणि काम दुसऱ्याला गेलं तर बयाणा परत मिळतो. केंद्राच्या gem.gov.in वर विक्रेता म्हणून नोंदणी तर फुकटच आहे. तेव्हा आधी निविदेचा आयडी मागा आणि पोर्टलवर स्वतः शोधा. पैसे गेलेच असतील, तर लगेच सायबर हेल्पलाइन 1930 ला फोन लावा.